उलटणारी गाय : औषधाआधी तारखा वाचा



शारदीय व्याख्यानमालेत गाईच्या गर्भधारणेवर बोलायचं, हे काहींना अनपेक्षित वाटलं असेल. पण या सभागृहात बसलेल्या कितीतरी घरांची सांवेर, देपालपूर, हातोद, महू या भागात शेती आहे, आणि शेतावर दोन-चार तरी गाई आहेत. पावसाळ्याच्या तोंडाशी व्यालेल्या गाई याच दिवसांत भरवल्या जातात. म्हणूनच आश्विन-कार्तिकात आमच्याकडे एकच तक्रार सारखी येते, "डॉक्टर साब, गाय ठहर नहीं रही." तीनदा रेतन झालं, चारदा झालं, दर एकवीस दिवसांनी गाय पुन्हा माजावर येते. दिसायला धडधाकट, खातेपिते, दूध देते, माज स्वच्छ दाखवते, तपासलं तर गर्भाशय ठीक वाटतं, आणि तरीही उलटते.

आमच्या शास्त्रात तीन किंवा अधिक वेळा रेतन करूनही गाभण न राहणाऱ्या, पण माजाचं चक्र नियमित असलेल्या आणि हाताला काही दोष न लागणाऱ्या गाईला वारंवार उलटणारी गाय म्हणतात. हे रोगाचं नाव नाही, हे मला आज पहिल्यांदा सांगायचं आहे. ही एका निकालाची नोंद आहे. त्या निकालामागे दहा वेगवेगळी कारणं असू शकतात. म्हणूनच "उलटणाऱ्या गाईचं इंजेक्शन द्या" ही मागणी मुळातच चुकीची आहे.

आधी थोडा हिशोब करू. समजा शंभर गाई आहेत, सगळ्या पूर्ण निरोगी. गावपातळीवरच्या कृत्रिम रेतनात एका वेळेस शंभरातल्या चाळीस गाई राहिल्या तर तो चांगला निकाल म्हणावा लागेल. पहिल्या रेतनानंतर साठ गाई उरतील, दुसऱ्यानंतर छत्तीस, आणि तिसऱ्यानंतर साधारण बावीस. या बावीस गाईंत काहीही दोष नाही, तरी त्यांच्यावर शिक्का बसतो. म्हणजे तीनदा उलटलेल्या गाईंमध्ये काही खऱ्या बिघडलेल्या असतात आणि बऱ्याचशा केवळ मागे राहिलेल्या असतात. दोघींना एकच औषध दिलं तर दुसऱ्या गटातल्या गाई नंतरच्या रेतनाला आपोआप राहतात आणि श्रेय औषधाला जातं. गावोगाव जे रामबाण उपाय सांगितले जातात, त्यातल्या बऱ्याच उपायांची कीर्ती अशीच झालेली आहे.

मग खरी बिघडलेली गाय ओळखायची कशी? माझं उत्तर असं, की पहिल्यांदा गाईला हात लावू नका, तारखा मागा. आज गाईच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो आणि सरकारी रेतनाची नोंद त्या क्रमांकावर होते. तरीही नोंदीत नसतं ते शेतकऱ्याच्या डोक्यात असतं, की माज केव्हा दिसला, किती वाजता दिसला, रेतन किती वाजता झालं, शेपटीला रक्त केव्हा लागलं. एवढं एका कागदावर उतरवलं तर निम्मं निदान गोठ्यात न जाता होतं. ते कसं, ते सांगतो.

गाईचं चक्र सरासरी एकवीस दिवसांचं, सतरापासून चोवीस दिवसांपर्यंत सगळं साधारण. बीज फळलं की गर्भ चार-पाच दिवसांनी बीजनलिकेतून गर्भाशयात उतरतो आणि वाढू लागतो. सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या आसपास तो एक प्रथिन सोडतो आणि त्या खुणेनं गाईच्या शरीराला कळतं, की आत गर्भ आहे, पुढचा माज आणायचा नाही. ही खूण वेळेवर पोचली नाही, तर एकविसाव्या दिवशी माज येतोच. आता तारखांकडे पाहा. दोन रेतनांमधलं अंतर बरोबर वीस-बावीस दिवसांचं असेल, तर एक तर बीज फळलंच नाही किंवा गर्भ सोळाव्या दिवसाआधीच मेला. अंतर पंचवीस ते पस्तीस दिवसांचं असेल, तर गर्भ राहिला होता, खूणही पोचली होती, आणि तो नंतर गेला असण्याची शक्यता मोठी. बेचाळीसच्या जवळपास अंतर असेल, तर बहुतेक वेळा मधला एक माज आपल्या नजरेतून सुटला. आणि आठ-दहा दिवसांत गाय पुन्हा "माजावर" आली असेल, तर त्या दोनपैकी एक माज खोटा होता. आपण माजावर नसलेल्या गाईचं रेतन करून घेतलं, किंवा बीजांडावर गाठ झालेली आहे.

एका गाईची गोष्ट तपशिलानं सांगतो. दुसऱ्या वेताची संकरित जर्सी, सांवेरच्या बाजूच्या एका गावातली. व्याली 20 जूनला. वार अडकली होती आणि ती कोणीतरी हातानं ओढून काढली होती. पहिलं रेतन 24 ऑगस्टला, व्याल्यावर 65 दिवसांनी. त्यानंतर 14 सप्टेंबर, 6 ऑक्टोबर आणि 27 ऑक्टोबर. अंतरं 21, 22 आणि 21 दिवस. चार रेतनं वाया. मधल्या काळात दोनदा गर्भाशयात प्रतिजैविक सोडून झालं होतं. कारण काय, तर मालक सांगत होते, "रेतन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी शेपटीला रक्त लागतं. आतून गर्भ पडतो." वार अडकल्याची हकीकत ऐकून सगळ्यांचं मत एकच झालं होतं, की गर्भाशय खराब आहे.

रक्ताची ती गोष्ट ऐकून मी रेतनाच्या वेळा विचारल्या. चारही वेळा एकच क्रम होता. सकाळी सहाला धार काढताना गाय हंबरते, दूध कमी देते, मागून काचेसारखा स्वच्छ सोट लोंबतो. मालक फोन करतात. रेतन करणाऱ्याची त्या दिवसाची फेरी दुसऱ्या बाजूला, म्हणून तो येतो दुसऱ्या दिवशी अकरा वाजता.

आता घड्याळ मांडू. गाईचा माज बारा ते अठरा तास टिकतो आणि बराचसा रात्री सुरू होतो. सकाळी सहाला दिसलेला माज आदल्या रात्री दहाच्या सुमारास सुरू झाला असेल असं धरू. माज सुरू झाल्यापासून अठ्ठावीस तासांच्या आसपास बीज सुटतं, म्हणजे पुढच्या रात्री दोन वाजता. सुटलेलं बीज फळण्याच्या लायकीचं राहतं जेमतेम सहा ते दहा तास, म्हणजे दुपार व्हायच्या आतच ते निकामी होतं. आणि शुक्राणू आत गेल्याबरोबर बीज फळवू शकत नाहीत, गर्भमार्गात त्यांची तयारी व्हायला साधारण सहा तास लागतात. अकराला केलेलं रेतन संध्याकाळी पाचला कामाला लागणार, तोवर बीज मेलेलं. चारही वेळा रेतन उशिरा झालं होतं.

आणि ते रक्त? माज संपून गेल्यावर एक-दोन दिवसांत बऱ्याच गाईंना, विशेषतः कालवडींना, गर्भाशयाच्या आतल्या थरातून थोडं रक्त येतं. तो गर्भपात नाही, गाय राहिली याची खूण नाही आणि राहिली नाही याचीही खूण नाही. ते फक्त एवढंच सांगतं, की माज सुरू होऊन साधारण दोन-तीन दिवस झाले. रेतनानंतर चोवीस तासांच्या आत रक्त दिसलं, तर रेतन माजाच्या शेपटाशी झालं असं समजावं. शेतकऱ्याला फुकट मिळणारी ही साक्ष आहे, आणि आपण तिला रोगाचं लक्षण समजून औषध ओतत बसतो.

तरीही तेवढ्यावर मी थांबलो नाही, कारण अडकलेल्या वारेची हकीकत खरी होती. पुढची तपासणी क्रमानं झाली. तो क्रम तुम्हीही लक्षात ठेवा, म्हणजे डॉक्टर काय करतो आहे आणि काय करत नाही, हे तुम्हाला कळेल.

पहिला प्रश्न, गाय आधीच गाभण तर नाही ना? हा प्रश्न अनेकांना विचित्र वाटतो. पण थोड्या गाई गाभण असूनही माजाची लक्षणं दाखवतात. अशा गाईच्या गर्भाशयात रेतनाची नळी गेली की राहिलेला गर्भ आपल्याच हातानं मरतो. म्हणून तिसऱ्या-चौथ्या रेतनाआधी हात घालून तपासणी झालीच पाहिजे. हातानं साठाव्या दिवसाच्या आसपास खात्रीनं कळतं, सोनोग्राफीनं तिसाव्या दिवसापासून. ही गाय रिकामी होती. गर्भाशय आकारानं साधारण, दोन्ही बीजांडं मोकळी, कुठे चिकटल्यासारखं नाही.

दुसरी गोष्ट, सोटाची परीक्षा. स्वच्छ दिसणारा सोट प्रत्येक वेळी स्वच्छ असतो असं नाही. गर्भाशयाच्या आतल्या थराला सौम्य दाह असेल तर डोळ्यांना काही दिसत नाही, पण गर्भाला पहिल्या आठवड्यातच तिथे जगता येत नाही. यासाठी एक साधी चाचणी आहे. माजाच्या दिवशीचा एक मिलिलिटर सोट घ्यायचा, त्यात तेवढंच पाच टक्क्यांचं कॉस्टिक सोड्याचं द्रावण घालायचं, परीक्षानळीत उकळी येईपर्यंत तापवायचं आणि थंड होऊ द्यायचं. रंग आला नाही तर गर्भाशय निरोगी, फिकट पिवळा आला तर सौम्य दाह, गडद पिवळा आला तर मोठा दाह. कॉस्टिक सोडा हाताला आणि डोळ्याला जाळतो, म्हणून हे डॉक्टरनंच करायचं. पण करून घ्यायचं तुम्ही, आणि गर्भाशयात कुठलंही औषध सोडण्याच्या आधी. या गाईच्या सोटाला रंग आला नाही. म्हणजे वार अडकल्यानंतरचा दाह तोवर निवळला होता आणि दोनदा सोडलेलं प्रतिजैविक विनाकारण होतं. त्या औषधाचा अंश दुधात उतरतो, ते दूध सोडून द्यावं लागतं, आणि वारंवार औषध गेलं की गर्भाशयाचा थर स्वतःच सुजतो.

रंग आला असता तर? तर त्या माजाला रेतन करायचं नाही, माज वाया जाऊ द्यायचा. दाह सौम्य असेल तर एक-दोन माज आपोआप येऊन गेल्यानं गर्भाशय बरंच स्वच्छ होतं, कारण माजाच्या वेळी त्याची रोगाशी लढायची ताकद सगळ्यात जास्त असते. त्याच तत्त्वावर डॉक्टर प्रोस्टाग्लँडिन देऊन माज लवकर आणतात. मात्र हे औषध गाभण गाईला गेलं तर गर्भ पडतो. पहिला प्रश्न पहिला का, ते इथे कळतं.

तिसरी पायरी रेतन करणाऱ्याची आणि रेताची. इथे गाईकडे पाठ फिरवून गावाकडे पाहायचं. त्याच माणसानं भरवलेल्या शेजारच्या गाई राहतात का? राहत नसतील तर दोष तुमच्या गाईत शोधू नका. रेतमात्रा उणे 196 अंशांच्या द्रवरूप नत्रात ठेवलेली असते. ती बाहेर काढून सदतीस अंशांच्या कोमट पाण्यात तीस सेकंद धरायची, कोरडी पुसायची, आणि काही मिनिटांत गाईच्या आत पोचवायची. खिशात ठेवून, हातात चोळून किंवा अंदाजानं गरम केलेल्या पाण्यात वितळवलेली मात्रा मेलेली असू शकते. डोळ्यांना ती सारखीच दिसते. थर्मामीटर आणलंय का, एवढं विचारायला संकोच करू नका. मात्रेच्या नळीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो, तोही वहीत उतरवून ठेवा. आणखी एक, उलटणाऱ्या गाईला मादीच वासरं देणारं लिंगनिश्चित रेत वापरू नका. त्यात शुक्राणूंची संख्या साध्या मात्रेच्या मानानं फार कमी असते, त्यामुळे आधीच अवघड असलेलं काम आणखी अवघड होतं. गावातल्या मोकळ्या वळूकडे नेणं हा उपाय म्हणूनही सांगितला जातो. रेत ताजं आणि वेळ अचूक, म्हणून कधी कधी गाय राहते हे खरं. पण तोच वळू एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात गर्भाशयाचे रोग नेतो, आणि मग एका गाईचा प्रश्न गावाचा होतो.

चौथी पायरी, बीज सुटतं की नाही. काही गाईंत माज वेळेवर येतो, पण बीज एक-दोन दिवस उशिरा सुटतं किंवा सुटतच नाही. हे ओळखायला रेतनाच्या वेळी बीजांडावरचा फोड हातानं किंवा सोनोग्राफीनं पाहायचा आणि चोवीस तासांनी पुन्हा पाहायचा. फोड तसाच असेल तर बीज उशिरा सुटतंय. मग त्याच वेळी दुसरं रेतन करतात आणि पुढच्या माजाला रेतनाबरोबर बीज सोडवणारं संप्रेरक देतात. ज्या गाईला हा दोष आहे तिच्यात ते इंजेक्शन खरंच उपयोगी पडतं. पण गोठ्यात येणारे बहुतेक लोक चोवीस तासांनी पुन्हा येत नाहीत. तपासणी एकदाची, इंजेक्शन मात्र सगळ्यांना, असा प्रकार चालतो.

त्या सांवेरच्या गाईचं पुढे काय केलं ते सांगतो. औषध काहीच दिलं नाही. पुढचा माज 15-16 नोव्हेंबरच्या सुमाराला अपेक्षित होता. 12 तारखेपासून मालकांनी तिला दावणीवरून सोडून सकाळी पाचला, संध्याकाळी सहाला आणि रात्री दहाला अर्धा-अर्धा तास मोकळं ठेवायचं ठरलं. आपल्या माळव्यात गाई दिवसरात्र दावणीला असतात. बांधलेली गाय दुसरीवर चढू शकत नाही, दुसरी चढली तर स्थिर उभी राहते की नाही तेही दिसत नाही. आणि स्थिर उभं राहणं हीच माजाची एकमेव खात्रीची खूण आहे, बाकीच्या सगळ्या अंदाजाच्या. 15 तारखेला संध्याकाळी सहाला काही नव्हतं, रात्री दहाला गाय स्थिर उभी राहिली. रेतन करणाऱ्याला त्याच रात्री फोन झाला. 16 तारखेला सकाळी नऊला रेतन झालं. 17 तारखेला सकाळी बीजांड पुन्हा पाहिलं, फोड फुटून गेलेला होता. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माज आला नाही. जानेवारीच्या मध्यावर हात घालून पाहिलं, गाय गाभण होती.

सकाळी दिसला तर त्याच संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी, हा नियम बहुतेकांना पाठ आहे. नियम बरोबर आहे, पण तो माज सुरू झाल्याच्या वेळेला लागू होतो, आपल्याला दिसल्याच्या वेळेला नाही. रात्री कोणी पाहिलंच नसेल तर सकाळी दिसलेल्या माजाला संध्याकाळपर्यंतच रेतन झालं पाहिजे. दुसरा दिवस उजाडला तर तो माज सोडून द्यावा आणि तारीख लिहून ठेवावी.

सगळ्याच गाई इतक्या सरळ सुटत नाहीत. अंतरं नियमित आहेत, वेळ अचूक आहे, सोट स्वच्छ आहे, बीज सुटतं आहे, तरी उलटते, अशी गाय आली की मी चाऱ्याकडे वळतो. गव्हाचा भुसा, सोयाबीनचा भुसा आणि थोडी सरकी पेंड यावर दहा-बारा लिटर दूध देणारी संकरित गाय स्वतःचं मांस झिजवून दूध देते. अशा गाईला गर्भ धरायला शक्ती उरत नाही. भुशात फॉस्फरस फार थोडं असतं, म्हणून गव्हाचा कोंडा आणि रोज पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण हे मी औषधाच्या आधी लिहितो, आणि त्याचा परिणाम दिसायला निदान दोन-तीन महिने लागतात हेही सांगतो. महिनाभर खनिज मिश्रण घालून "फरक पडला नाही" म्हणणं न्यायाचं नाही. एप्रिल-मेच्या उन्हात उलटलेल्या गाईचाही वेगळा विचार करायला हवा. अंगात उष्णता साचलेली असताना पहिल्या आठवड्यातला गर्भ टिकत नाही. सावली, पाणी, आणि थंडीत पुन्हा प्रयत्न, एवढंच तिथे योग्य.

आणि अंतरं लांबलेली असतील, पंचवीस-तीस-पस्तीस दिवसांची, किंवा गोठ्यातल्या दोन-तीन गाई एकदम उलटायला लागल्या असतील, कोणाचा मोठा गर्भ पडला असेल, तर मात्र घरगुती उपाय बंद करून रक्ततपासणी करायची. ब्रुसेला हा रोग गर्भ पाडतो आणि तो माणसालाही होतो. पडलेला गर्भ, वार उघड्या हातानं उचलू नये, अशा गाईचं दूध कच्चं पिऊ नये. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना त्याची लस सरकारी मोहिमेत टोचली जाते, ती चुकवू नका. महूला 1955पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, इंदूरपासून तासाभराच्या आत. तिथे नेण्याजोगी गाय हीच, जिची घरची सगळी तपासणी करून झाली आहे.

शेवटी मर्यादाही सांगितली पाहिजे. काही गाईंच्या बीजनलिका बंद झालेल्या असतात, काहींचं बीजांड भोवतीच्या पडद्याला चिकटलेलं असतं, आणि त्यावर गोठ्यात करता येण्यासारखा उपाय आज नाही. वरच्या सगळ्या पायऱ्या करून, अचूक वेळी आणखी तीन रेतनं करूनही गाय राहिली नाही, तर पुढचा खर्च थांबवावा आणि तिचं चालू वेत जितकं लांबवता येईल तितकं लांबवावं. तिला रस्त्यावर सोडून देणं हा पर्याय नाही. आपल्या भागात अशा किती गाई सुटलेल्या आहेत ते तुम्ही रोज पाहता.

माझी तुम्हाला एकच विनंती आहे. घरी गेल्यावर प्रत्येक गाईसाठी वहीचं एक पान काढा. व्याल्याची तारीख, माज दिसल्याची तारीख आणि तास, रेतनाची तारीख आणि तास, वळूचा क्रमांक, रक्त दिसलं ती तारीख, एवढं त्यावर लिहा. पुढच्या वेळी डॉक्टरला बोलवाल तेव्हा आधी ते पान त्याच्या हातात द्या, आणि ते वाचल्याशिवाय त्याला सिरिंज भरू देऊ नका.